शंभर गुणिले एक शतांश

आमच्या वर्गातल्या एका मुलीने ब्लेंडरमध्ये वासुदेव केला होता. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, एका हातात चिपळ्या. त्याला तीन हालचाली दिल्या होत्या: उभा राहून श्वास घेणे, चालणे आणि गिरकी. त्याला युनिटीत नेऊन एका पहाटेच्या गल्लीतून फिरवायचे, एवढाच प्रकल्प होता. पहिल्याच एक्स्पोर्टला वासुदेव युनिटीत व्यवस्थित उतरला. उंची बरोबर, चाल बरोबर, तोंड पुढे. तिने एक्स्पोर्टच्या खिडकीतल्या कुठल्याही खुणेला हात लावला नव्हता.

मग कुणीतरी तिला सांगितले, की एक्स्पोर्टच्या आधी स्केल अप्लाय करायचेच असते. सल्ला चांगलाच होता, आणि तिने तो ऐकला. त्यानंतर वासुदेव प्रत्येक पावलागणिक तीन मीटर उंच उड्या मारू लागला. शिवाय त्याच्या हातात दिलेली चिपळी पंधरा मीटर लांब झाली आणि समोरच्या वाड्यातून आरपार गेली.

ही पुस्तिका त्या दोन चुकांमधून निघाली आहे. प्रस्तावनेत मी हा एकच प्रसंग उलगडून सांगणार आहे. स्केल, अक्ष आणि क्लिप हे तिन्ही विषय त्यात येतात, आणि वर्गात मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्नही त्यात आहे: आधी चालत होते, मग नियम पाळल्यावर का बिघडले?

मुळात ते चालत होते हाच योगायोग होता. मॉडेलिंग सुरू करताना तिने एक युनिट म्हणजे एक सेंटिमीटर असे मनात धरले होते. त्यामुळे वासुदेव 175 युनिट उंच झाला. ब्लेंडर मात्र, तुम्ही काही बदलले नसेल तर, एक युनिट म्हणजे एक मीटर धरतो. पावणेदोनशे मीटरचा वासुदेव दृश्यात मावेना, तेव्हा तिने ऑब्जेक्ट मोडमध्ये आर्मेचर निवडून S दाबले आणि 0.01 लिहिले. मेश आर्मेचरला पॅरेंट केलेली असल्याने तीही बरोबर लहान झाली. डोळ्यांना सगळे ठीक दिसू लागले. पण हाडे, म्हणजे बोन्स, आपल्या जागी जुन्याच आकड्यांत होती. कंबरेचा बोन जमिनीपासून 95 युनिटवरच होता, आणि वर आर्मेचरच्या खांद्यावर 0.01 चा गुणक बसला होता. आपण पडद्यावर गुणाकार पाहतो. फाईल मात्र गुण्य आणि गुणक वेगवेगळे लक्षात ठेवते.

आता एक्स्पोर्टरचे काय? ब्लेंडर आणि युनिटी यांच्यामध्ये एफबीएक्स उभा आहे. हा फॉरमॅट मॉन्ट्रियलच्या केदारा कंपनीच्या फिल्मबॉक्स या सॉफ्टवेअरमधून आला. 2004 मध्ये केदारा एलियासकडे गेली, 2006 मध्ये एलियास ऑटोडेस्ककडे, आणि तेव्हापासून एफबीएक्स ऑटोडेस्कचा आहे. त्याचे मूळ माप सेंटिमीटर. त्यामुळे मीटरमध्ये विचार करणाऱ्या ब्लेंडरला निघताना शंभराने गुणावे लागते, आणि मीटरमध्येच विचार करणाऱ्या युनिटीला आत घेताना शंभराने भागावे लागते. प्रश्न फक्त एवढाच, की तो शंभर नेमका कुठे लिहायचा.

ब्लेंडरच्या एक्स्पोर्ट खिडकीत Apply Scalings नावाची जी यादी आहे, ती याच प्रश्नाचे उत्तर निवडण्यासाठी आहे. तिथे मुळात All Local असते. त्याचा अर्थ, शंभरचा गुणक सर्वांत वरच्या ऑब्जेक्टच्या स्केलमध्ये लिहून टाका आणि फाईलच्या कपाळावर सेंटिमीटर असेच राहू द्या. आपल्या वासुदेवाच्या आर्मेचरवर आधीच 0.01 होते. त्याला शंभराने गुणले, झाले एक. युनिटीने बोनचे 95 हे अंतर सेंटिमीटर समजून 0.95 मीटर केले. स्केल एक, कंबर 0.95 मीटरवर. अगदी निर्दोष. मुलीची चूक आणि एक्स्पोर्टरची सवय यांनी एकमेकांना खाऊन टाकले होते.

मिक्सामोवरून आणलेली पात्रे ब्लेंडरमधून परत युनिटीत नेली तरी ती बिनबोभाट चालतात, त्याचेही कारण हेच. ती ब्लेंडरमध्ये येतात तेव्हाच त्यांच्या आर्मेचरवर 0.01 चे स्केल असते. ज्याने फक्त अशीच पात्रे हाताळली आहेत त्याला हा प्रश्न कधी भेटत नाही, आणि स्वतः केलेले पहिले पात्र पाठवताना तो चक्रावतो.

आता अप्लायकडे येऊ. Ctrl+A दाबून Scale निवडले, की ब्लेंडर गुणाकार प्रत्यक्ष करून टाकतो. बोनचे 95 होते ते 0.95 होतात आणि आर्मेचरवरचे स्केल एक होते. मेशचे शिरोबिंदूही तसेच. इथवर सगळे हवे तसे. पण ब्लेंडर अ‍ॅक्शनमधल्या कीजना हात लावत नाही. चालताना कंबर वरखाली व्हावी म्हणून तिने कंबरेच्या बोनला 3 युनिटची की दिली होती. जुन्या मापात ते तीन सेंटिमीटर होते. अप्लाय केल्यावर आकडा 3 च राहिला, आणि त्याचा अर्थ तीन मीटर झाला.

हा बिघाड ओळखायची खूण सोपी आहे. हातपाय बरोबर वळतात, गुडघे बरोबर वाकतात, फक्त ज्या बोनला लोकेशनची की आहे तोच उडतो. रोटेशन म्हणजे कोन, आणि कोनाला माप लागत नाही; तीस अंश मुंगीलाही तीस अंश आणि हत्तीलाही तीसच. लोकेशनला मात्र माप चिकटलेले असते. रिगमध्ये आयके असेल तर गोंधळ आणखी दिसतो, कारण पायाच्या कंट्रोल बोनची सगळी हालचाल लोकेशनमध्येच असते. तेव्हा कंबर वर आणि पाय चारी दिशांना, असे दृश्य दिसते.

उपाय दोन आहेत. पहिला म्हणजे ही वेळच येऊ न देणे: पहिली की देण्याआधी आर्मेचर आणि मेश एकेक करून निवडून, N दाबून, उजवीकडच्या पॅनेलमध्ये दोघांचे स्केल एक आहे का ते पाहणे. दुसरा, वेळ आलीच असेल तर, लोकेशनच्या सगळ्या कीज त्याच गुणकाने गुणणे. तीन क्लिप असतील तर ग्राफ एडिटरमध्ये हातानेही होते, पण मी हा तुकडा वापरतो:

```python
import bpy
k = 0.01
for act in bpy.data.actions:
    for fc in act.fcurves:
        if fc.data_path.endswith("].location"):
            for kp in fc.keyframe_points:
                kp.co.y *= k
                kp.handle_left.y *= k
                kp.handle_right.y *= k
```

यात हँडल वेगळे गुणले आहेत, कारण की हलवली तरी तिची हँडले आपोआप मागे येत नाहीत, आणि मग वक्र वेडावाकडा होतो. तुकडा एकदाच चालवायचा. दोनदा चालवलात तर तीन सेंटिमीटरचे तीन दशांश मिलिमीटर होतील आणि वासुदेव सरकत्या पट्ट्यावर उभा असल्यासारखा चालेल. फाईलमध्ये दुसऱ्या पात्राच्या अ‍ॅक्शन असतील तर त्या आधी वगळा, नाहीतर त्याही गुणल्या जातील. हा तुकडा ब्लेंडर 4.5 पर्यंतचा आहे. 5.0 मध्ये अ‍ॅक्शनची आतली मांडणी बदलली आणि `act.fcurves` हा रस्ता काढून टाकला गेला.

उड्या थांबल्या. राहिली चिपळी.

अप्लायनंतर आर्मेचरचे स्केल ब्लेंडरमध्ये एक झाले होते, पण एक्स्पोर्टची खिडकी All Local वरच होती. तेव्हा एक गुणिले शंभर, म्हणजे युनिटीत आर्मेचरवर 100 आले. बोनचे 0.95 हे अंतर युनिटीने सेंटिमीटर समजून 0.0095 केले. दोघांचा गुणाकार पुन्हा 0.95 मीटर, म्हणून वासुदेव दिसायला तसाच, त्याच उंचीचा. यामुळेच कित्येक जण या 100 कडे पाहतात, खांदे उडवतात आणि पुढे जातात. पण त्या आर्मेचरच्या पोटात जे काही नवे जाईल ते शंभरपट होईल. तिने चिपळीचा प्रीफॅब कोडमधून हाताच्या बोनखाली निर्माण केला होता. चिपळी पंधरा सेंटिमीटरची, स्वतःचे स्केल एक, आणि वरचे शंभर तिला वारशाने मिळाले. कोलायडर लावला असता तर त्याच्या त्रिज्येतही हाच घोळ झाला असता, 0.1 लिहून दहा मीटरचा गोळा मिळाला असता.

याची शहानिशा करायला एक ओळ पुरते. हाताचा बोन `hand` या नावाने घेतला असेल तर:

```csharp
Debug.Log(hand.lossyScale);
```

मुळापासून त्या बोनपर्यंतच्या सगळ्या स्केलचा गुणाकार कन्सोलवर दिसतो. तिच्याकडे तिन्ही अक्षांवर शंभर आले. तिथे एकाच्या आसपास आकडा नसेल तर पुढचे काम थांबवावे. चिपळीचे स्केल 0.01 करून वेळ मारून नेता येते, आणि पुष्कळ जण तेच करतात. मग मोरपीस, टाळ, काखेतली झोळी, प्रत्येकासाठी तेच करत बसतात.

खरा इलाज Apply Scalings मध्ये FBX All निवडणे. मग ब्लेंडर शंभर हा आकडा ऑब्जेक्टवर न लिहिता फाईलच्या कपाळावर लिहितो, म्हणजे ही फाईल मीटरमध्ये आहे असे जाहीर करतो. युनिटीत मॉडेल निवडल्यावर Model टॅबमधल्या Convert Units च्या ओळीत हा फरक वाचता येतो: आधी तिथे फाईलचा एक सेंटिमीटर दिसतो, नंतर एक मीटर. आर्मेचरचे स्केल एक, कंबर 0.95 वर, चिपळी पंधरा सेंटिमीटर. Scale Factor च्या रकान्यात हात घालायची गरजच राहत नाही. तो रकाना दिसतो म्हणून लोक त्यात आकडे ठोकत बसतात, पण त्याने आर्मेचरवरचे शंभर निघत नाहीत. पात्र लहानमोठे होते, एवढेच.

स्केलवर मी इतका वेळ घेतला, कारण अक्षांबद्दल माझे म्हणणे उलट आहे. तिथे बहुतेकांना जे खुपते ते निरुपद्रवी असते.

ब्लेंडरमध्ये वरची दिशा Z, युनिटीत वरची Y. शिवाय ब्लेंडर उजव्या हाताची पद्धत वापरतो आणि युनिटी डाव्या हाताची. उजव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट एकमेकांना काटकोनात धरून X, Y, Z म्हणा, मग डाव्या हाताने तेच करा. दोन्ही हात कसेही फिरवले तरी जुळत नाहीत, एक अक्ष उलटावाच लागतो. युनिटी X उलटते. एक्स्पोर्टच्या खिडकीत Forward ला -Z आणि Up ला Y असे मुळातच असते, आणि ते तसेच ठेवायचे. ब्लेंडरमध्ये नमपॅडचा 1 दाबल्यावर पात्राचा चेहरा आपल्याकडे असेल, म्हणजे ते उणे Y कडे पाहत असेल, तर युनिटीत ते अधिक Z कडे पाहते, आणि युनिटीत पुढे म्हणजे तेच.

हे तपासायला युनिटीत पात्राचे मूळ निवडावे, वरच्या पट्टीत Local करावे आणि निळा बाण पाहावा. तो छातीतून पुढे निघाला पाहिजे. पाठीतून निघत असेल तर पात्र ब्लेंडरमध्ये उलट्या तोंडाने केलेले आहे, आणि कोडने पुढे ढकलल्यावर ते मूनवॉक करील. दुरुस्ती ब्लेंडरमध्येच: आर्मेचर Z भोवती 180 अंश फिरवून आर्मेचर आणि मेश दोघांचे रोटेशन अप्लाय करायचे. स्केलसारखा इथे कीजचा घात होत नाही, कारण बोनच्या कीज त्या बोनच्या स्वतःच्या चौकटीत मोजलेल्या असतात आणि चौकट फिरली की त्याही फिरतात. की आर्मेचर ऑब्जेक्टवरच दिलेली असेल तर मात्र पहिल्याच फ्रेमला ती जुने रोटेशन परत लादते. म्हणून पात्राला चालवायचे ते मुळाच्या बोनने, ऑब्जेक्टने नव्हे.

आता खुपणारी गोष्ट. युनिटीत आर्मेचर निवडले, की त्याच्या रोटेशनमध्ये X ला उणे 90, कधी उणे 89.98 असा आकडा दिसतो. नवशिक्याला हा डाग वाटतो. तो पुसण्यासाठी तो एक्स्पोर्टमधली Apply Transform ही खूण लावतो. ती खूण ब्लेंडरवाल्यांनीच प्रायोगिक म्हणून ठेवली आहे, आणि आर्मेचर व अ‍ॅनिमेशन यांच्यासोबत ती मोडते असा इशाराही तिथेच दिला आहे. टेबल-खुर्चीसारख्या निर्जीव मेशला ती उपयोगी पडते. रिगवर लावली, की उभ्या स्थितीत पात्र बरोबर दिसते आणि क्लिप चालू करताच आडवे पडते किंवा बोन पिळवटतात.

ते उणे 90 जिथे आहे तिथे असू द्यावे. युनिटीत त्या आर्मेचरच्या वर एक मूळ गेमऑब्जेक्ट असतो, आणि त्याचे रोटेशन शून्य असते. स्क्रिप्ट, कोलायडर, कॅरेक्टर कंट्रोलर सगळे त्या मुळावर लावायचे. आर्मेचर म्हणजे बाहुलीच्या आतली काठी. ती आडवी बसवली आहे की उभी, हे बाहुली नाचवणाऱ्याला कळायची गरज नाही. शंभराच्या स्केलप्रमाणे हे नव्वद पोटातल्या वस्तूंना फुगवत नाही. चिपळी हातात वाकडी बसली तर ती एकदा सरळ करून प्रीफॅबमध्ये जपता येते, आणि बोनची स्वतःची दिशा वेगळी असल्याने ते तसेही करावेच लागते. ज्यांना आकडा खरोखर सहन होत नाही त्यांनी युनिटीच्या Model टॅबमधली Bake Axis Conversion ही खूण लावून पाहावी. मी क्वचितच लावतो.

क्लिपची गोष्ट निराळी. तिथे बिघाड दिसत नाही, गैरहजेरी दिसते.

ब्लेंडर आयके किंवा कन्स्ट्रेंट एफबीएक्समध्ये पाठवत नाही. तो प्रत्येक फ्रेमवर थांबतो, बोन कुठे आहे ते मोजतो आणि लिहून घेतो. कोणत्या हालचाली मोजायच्या हे Bake Animation खालच्या दोन खुणांवर ठरते. All Actions लावले तर त्या आर्मेचरला लागू पडणारी प्रत्येक अ‍ॅक्शन वेगळी क्लिप होते. NLA Strips लावले तर प्रत्येक स्ट्रिप वेगळी क्लिप होते. मुळात दोन्ही खुणा लावलेल्या असतात, त्यामुळे स्ट्रिप केल्या असतील तर युनिटीत एकच चाल दोन नावांनी दिसते. मी एकच ठेवतो: पात्र एकटे असेल तर All Actions, आणि एका फाईलमध्ये दोन पात्रे असतील तर NLA Strips, नाहीतर वासुदेवाला कुत्र्याच्या शेपटीची क्लिप मिळण्याची शक्यता असते. दोन्ही काढल्या तर टाइमलाइनवरचे सगळे मिळून एकच क्लिप येते.

All Actions ची एक खोड लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखाद्या अ‍ॅक्शनमध्ये एखाद्या बोनला की नसेल, तर तो एक्स्पोर्टच्या क्षणी जसा वाकलेला असेल तसाच त्या क्लिपमध्ये जातो. आमच्या वासुदेवाची मान उभ्या क्लिपमध्ये तिरकी राहत होती. कारण त्या क्लिपमध्ये मानेला की नव्हती, आणि एक्स्पोर्ट करताना पडद्यावर गिरकीची मधली फ्रेम उघडी होती. पोझ मोडमध्ये सगळे बोन निवडून Alt+R, Alt+G, Alt+S करावे आणि मग एक्स्पोर्ट, किंवा प्रत्येक क्लिपच्या पहिल्या फ्रेमवर सगळ्या बोनना की द्यावी. दुसरे अधिक पक्के.

उरलेल्या खुणांपैकी Add Leaf Bones काढून टाकावी, नाहीतर प्रत्येक बोटाच्या टोकाला एक बिनकामाचा बोन उगवतो. Simplify चा आकडा मुळात 1 असतो, तो 0 करावा. त्याने फाईल थोडी जड होते, पण जमिनीवर टेकलेला पाय थरथरत नाही. कीज कमी करायच्या असतील तर युनिटीच्या Animation टॅबमध्ये Anim. Compression आहे. एकच कात्री पुरे, दोन नकोत.

चालीची लांबी वेगळी तपासावी. ब्लेंडर मुळात सेकंदाला 24 फ्रेम धरतो. एका सेकंदाचे चक्र हवे असेल तर पहिली आणि पंचविसावी फ्रेम सारखी हवी, म्हणजे मध्ये 24 अंतरे पडतात. चोविसाव्या फ्रेमवरच पहिली पोझ परत आणली तर चक्र एका फ्रेमने आधीच संपते आणि पावलांचा ठेका ठरवल्यापेक्षा थोडा घाईचा होतो. युनिटीत क्लिपची लांबी 1.0 सेकंद दिसली की Loop Time लावायचे.

वासुदेवाच्या बाबतीत सर्वांत शेवटी अडली ती गिरकी. ब्लेंडरमध्ये होती, फाईलमध्येही होती, युनिटीत मात्र नाही. झाले असे, की पहिल्या एक्स्पोर्टनंतर तिने Animation टॅबमध्ये क्लिपचे नाव `Armature|Chal` होते ते `Chal` केले आणि Loop Time लावला. एकदा अशी यादी हाताने बदलली, की युनिटी ती यादी आपली म्हणून जपते. नंतर आलेली अ‍ॅक्शन त्यात आपोआप शिरत नाही. यादीखालचे + दाबून नवी ओळ घ्यायची आणि Source Take मध्ये `Armature|Girki` निवडायचे. याच कारणाने ब्लेंडरमध्ये अ‍ॅक्शनचे नाव मागाहून बदलू नये. युनिटीतली क्लिप जुन्या नावाने आपले मूळ शोधत राहते आणि अ‍ॅनिमेटरमधली स्थिती रिकामी होते. क्लिप वाढतच जाणार असतील तर प्रत्येकीची वेगळी फाईल करून `Vasudev@Girki.fbx` असे नाव द्यावे. @ च्या पुढचा भाग युनिटी क्लिपचे नाव म्हणून घेते, आणि एक क्लिप बदलली म्हणून बाकीच्या पुन्हा पाठवाव्या लागत नाहीत.

तिने ती बिघडलेली फाईल टाकून दिली नाही. आर्मेचरवर 0.01, कंबरेवर 3 ची की, अप्लाय करण्याच्या बरोबर आधीची. ती या पुस्तिकेसोबत दिली आहे, आणि पहिल्या प्रकरणाची सुरुवात ती उघडून, N दाबून होते.